फोटोखाली काय लिहायचं

कागदावर एकही अक्षर नसेल तर त्याच्यासमोरच्या चौकटीत काय लिहायचं? ह्या एका प्रश्नानं माझा अख्खा उन्हाळा खाल्ला. हसू नका. मी पण आधी हसलेच होते. पण त्या उन्हाळ्यात मला धड जेवण गेलं न्हाई, धड झोप लागली न्हाई, आणि आमच्या सेंटरमधल्या एका बाईची नोकरी तर अक्षरशः त्या चौकटीत अडकून बसली होती.

जालन्याच्या मस्तगडात कापडाच्या दुकानावरच्या माळ्यावर आमचं टायपिंग सेंटर होतं. मोबाईल तेव्हा घरोघरी आले होते, कॉम्प्युटर मात्र अजून क्लासमध्ये जाऊन शिकायची गोष्ट होती. छापखान्यांकडं लग्नपत्रिका, पुण्यस्मरणाची कार्डं, दुकानाच्या उद्घाटनाची हँडबिलं यायची, सगळी हातानं लिहिलेली. प्रत्येक छापखान्यात भरभर मराठी टाइप करणारं माणूस कुठून असणार? मंग ते लोक कागद स्कॅन करून पुण्याच्या एका कंपनीच्या साइटवर चढवायचे. कंपनी ते आमच्याकडं पाठवायची आणि आम्ही टाइप करून परत धाडायचो. स्क्रीनच्या डाव्या अंगाला कागदाचं चित्र, उजव्या अंगाला रिकामी चौकट. डावीकडचं बघायचं, उजवीकडं टाइप करायचं. बस, एवढंच काम.

एवढंच, पण त्यात एक मेख होती. प्रत्येक कागद दोघींना जायचा, आणि कोणासोबत कोण टाइप करून राह्यलं हे कोणालाच कळायचं न्हाई. दोघींनी टाइप केलेलं मशीन ताडून बघायचं. बराबर जुळलं तर मजकूर सरळ छापखान्याला रवाना. जुळलं न्हाई तर ते माझ्यापुढं यायचं. मी तपासनीस. कुंभार पिंपळगावाहून जालन्याला आले ती खटखट वाजणाऱ्या टाइपरायटरवर शिकले, अन् मंग कॉम्प्युटरवर. माझ्या बोटांना सवय आणि जिभेला धार, दोन्ही तिथूनच आलं असावं. मी दोघींचं बघायचे आणि एकीला बरोबर, एकीला चूक द्यायचे. किंवा दोघींना चूक. तिसरा मार्ग मशीननं ठेवलाच नव्हता.

चुका एका मर्यादेच्या पुढं गेल्या की पुण्याहून त्या बाईचा आयडी बंद व्हायचा. आयडी बंद म्हणजे काम बंद, विषय संपला. आणि छापखान्यानं थेट तक्रार केली, तर ती एकच पुरायची.

आता राजूरच्या बाईबद्दल सांगते. नाव सांगत न्हाई, आम्ही सगळ्या तिला राजूरचीच म्हणायचो. नवऱ्याचा हात फार चालायचा, म्हणून पोरीला कडेवर घेऊन ती सासरहून निघून आल्ती. माहेरी भावानं दोन महिने ठेवलं, मंग कॉम्प्युटरचा क्लास झाला होता म्हणून जालन्याला काम बघू दिलं. पण बजावलं होतं, काम सुटलं त्या दिवशी मी स्वतः तुला सासरी नेऊन घालीन, लोक मला तोंड वर काढू देऊन न्हाई राह्यले. हे तिनंच मला डबा खाताना सांगितलं होतं, अगदी साध्या आवाजात, जणू शेजारणीचं सांगतीये. तेव्हापासून तिच्या नावासमोर चूक टाकताना माझा हात अडखळायचा. तिच्यासाठी हे सेंटर म्हणजे जालन्यात राहता येणं होतं. दुसरं काही नव्हतं.

आणि चुका तिच्याच जास्त व्हायच्या. अक्षर वाचण्यात न्हाई, त्यात ती पक्की होती. चुका व्हायच्या त्या चित्रांमध्ये.

झालं असं, की छापखान्यातली माणसं गिऱ्हाइकाचं पाकीट जसंच्या तसं स्कॅनरवर घालायची. मजकुराचा कागद, त्याच्यामागं दुकानाचा शिक्का, मंग साडीच्या काठासारखी किनार, मंग एखादा फोटो. सगळं लागोपाठ चढवून मोकळी. तो शिक्का, ती किनार, तो फोटो आमच्यापुढं कागद म्हणूनच यायचा, त्याच्यासमोर तीच रिकामी चौकट. अन् रिकामी चौकट मशीन घेत नव्हतं! बटण दाबलं की लाल पट्टी: मजकूर भरा. रिकामं म्हणजे काम अर्धवट, असं त्याला शिकवलेलं. सोडून दिलं तर तोच कागद दुसऱ्या दोघींकडं, तिथून तिसऱ्या दोघींकडं, फिरतच राहायचा, आणि तिकडं छापखानेवाला पाकीट का येईना म्हणून बोंबलायचा.

मंग जिला जे सुचेल ते ती लिहायची. कोणी फुल्ली, कोणी टिंब, कोणी 'फोटो', कोणी 'डिझाईन'. एका दूध डेअरीच्या शिक्क्यावर जनावराचं तोंड होतं. एकीनं लिहिलं 'गाय', राजूरचीनं लिहिलं 'शिंगं नसलेला बैल, गळ्यात घंटी'. आलं माझ्यापुढं! आता सांगा, मी काय ठरवायचं? जनावर बघत बसले तर मागं कागदांची रांग लागलेली. मी दोघींना चूक दिली आणि उठून पाणी प्यायले.

त्याहून वाईट व्हायचं ते जुळल्यावर. लग्नाच्या पाकिटात नुसतं गणपतीचं चित्र आलं की दोघी-दोघी न बोलता एकच लिहायच्या, श्री गणेशाय नमः. चित्रात तसं काही लिहिलेलं नसायचं. पण गणपती दिसला की बोटं आपोआप चालायची. मशीन म्हणायचं, जुळलं, उत्तम! आणि नसलेला मजकूर पत्रिकेवर छापून जायचा. गिऱ्हाईक पण खूश. मला मात्र आत काहीतरी टोचत राहायचं, की आज खपलं, उद्या कोणाच्या तरी कार्डावर हे नको तिथं जाऊन बसेल.

मी राजूरचीला धरलं एकदा. म्हणलं, "अगं बाई, तुला कोणी विचारलंय का बैलाच्या गळ्यात काय हाय? एक शब्द लिही आणि पुढं चल की."

ती म्हणली, "ताई, मी बघते ना ते. बघितल्यावर लिहावं वाटतं."

"वाटायचं घरी ठेव. चुकांचा आकडा बघितलास का तुझा?"

"बघते रोज," ती म्हणली, आणि परत कळफलकाकडं वळली. मला तिचा राग आला आणि कीव पण आली, दोन्ही एकदम.

आमचे सर, म्हणजे सेंटरचे मालक, वाईट माणूस नव्हते. क्लास चालवून चालवून घसा बसलेला, डोक्यात सतत पुण्याची धास्ती. पुण्याहून ओरडा आला की ते जिना चढता चढताच बोलायला लागायचे. त्या दिवशी तसेच वर आले. म्हणले, "जुळत नसलेले कागद आपल्या सेंटरचे सगळ्यात जास्त! हे चालणार न्हाई. आजपासून चित्रावर सगळ्यांनी एकच लिहायचं." आणि खडू घेऊन फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: चित्र असल्यास 'मजकूर नाही' असे टाइप करावे.

मी जागेवरनंच बोलले. "सर, हे आपण कोणाला सांगून राह्यलो?"

"म्हणजे?"

"म्हणजे चौकटीत जातं ते सगळं गिऱ्हाइकाचं म्हणून जातं ना? छापखान्यातल्या माणसाला काय कळणार, हे त्या कागदावरचे शब्द का आपले? तो उचलून तसंच्या तसं चिकटवील."

"एवढी अक्कल असते त्याला."

"अक्कल असते सर, पण वेळ नसतो. सीझनमध्ये ते लोक वाचतात कुठं? आपण त्यांना फोन करून सांगू, की अमुक पान नुसतं चित्र हाय, ते पाकिटातून काढून घ्या. त्यांना काढता येतं."

"अन् मंग फोनच करत बसायचं का दिवसभर? तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोट काढायचीच सवय हाय, मॅडम." सगळ्या खाली मान घालून हसल्या. माझ्या पायाचा अंगठा चपलेत नुसता वळवळत होता. पंखा बंद, लाइट गेलेली, इन्व्हर्टर टुकटुक करून राह्यलेला, आणि मी त्या फळ्याकडं बघत होते.

खरं सांगायचं तर फायदा झाला. चित्रावर सगळ्या एकच लिहायला लागल्या, सगळं जुळायला लागलं, माझ्यापुढचा ढीग ओसरला. राजूरचीच्या चुका थांबल्या. तिच्यासाठी मला बरं वाटलं, छातीवरचं ओझं उतरल्यागत. पण जुळल्यामुळं आता ती चित्रं माझ्या नजरेलाच पडत नव्हती. कुठं काय जाऊन राह्यलंय हे मला कळायची वाटच बंद झाली होती, आणि ह्याच गोष्टीनं मला जास्त अस्वस्थ केलं. दुपारी उगीच उठून मी एकेकीच्या मागं जाऊन उभी राहायचे. त्या वैतागायच्या.

राजूरचीला पण ते दोन शब्द आवडत नव्हते. एकदा डबा खाताना म्हणली, "ताई, फोटोत माणूस बघून राह्यलेला असतो आपल्याकडं, आणि आपण त्याच्यासमोर 'नाही' लिहून मोकळं. मला कसंतरीच होतं."

"मजकूर न्हाई म्हणतो आपण. माणूस न्हाई असं थोडंच म्हणतो?"

"वाचणाऱ्याला तेवढं कुठं कळतं?" ती म्हणली. मी तिला म्हणलं, भाजी खा गुपचूप.

मंग एका दुपारी एक बाई आल्या.

जिना अरुंद, उभा. त्या धापा टाकत वर आल्या, कठड्याला धरून थोडं थांबल्या. पांढरी, बारीक काठाची साडी, हातात पिशवी. भोकरदनकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर त्या शिक्षिका होत्या, हे नंतर कळलं. "जयभीम," म्हणल्या, "इथंच का ते, टाइप करून देतात ते?"

मी जयभीम म्हणून त्यांना खुर्ची दिली. त्या बसल्या न्हाईत. पिशवीतून एक कार्ड काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. त्यांच्या मुलाच्या पहिल्या पुण्यानुमोदनाचं, म्हणजे वर्षाच्या पुण्यस्मरणाचं कार्ड होतं. पहिला विचार आला तो हाच, की कोणी गणेशाय नमः तर न्हाई टाकलं ह्याच्यावर? बौद्ध घरचं कार्ड! मी वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. ते नव्हतं.

पण मधोमध फोटो होता, कॉलेजात जाणाऱ्या पोराचा. आणि फोटोच्या बरोबर खाली, नावाच्या वर, जाड ठशात, छान वळणदार अक्षरात छापलं होतं: मजकूर नाही.

बाईंनी बोट ठेवलं त्या दोन शब्दांवर.

"हे आम्ही दिलं न्हाई," त्या म्हणल्या. "छापखानेवाला म्हणतो, वरून असंच आलं. वरून म्हणजे तुमच्याकडून. काविळीनं गेलं हो माझं लेकरू. निम्मी कार्डं गावात वाटून झाली मंग माझ्या पुतणीनं वाचलं. लोकांनी वाचलं असंल ना? माझ्या लेकराबद्दल मजकूर नाही? काहीच न्हाई का हो सांगण्यासारखं?"

त्यांचा आवाज चढला न्हाई, हेच मला सोसेना. शिव्या दिल्या असत्या तर मी उलट बोलले असते, त्यात मी तयार. हिथं माझे डोळे भरून आले आणि मला स्वतःचाच संताप आला.

सर आतून धावत आले. कार्ड बघितलं, घाम पुसला. म्हणले, "बाई, माफ करा. ऑपरेटरची चूक हाय ही. छापखान्याची तक्रार पण आल्ती सकाळी पुण्याहून. कोणी टाइप केलं ते आत्ता काढतो, आजच्या आज तिला बंद करतो."

"ऑपरेटरची?" मी उभी राहिले. "सर, मागं वळून फळा बघा. अक्षर कोणाचं हाय ते?"

"मॅडम, गिऱ्हाइकापुढं—"

"गिऱ्हाइकापुढंच! तुम्ही लिहायला लावलं, त्यांनी लिहिलं. आणि मी ओरडले होते तेव्हा तुम्ही हसण्यावारी नेलं. आता ज्यांनी तुमचं ऐकलं त्यांनाच घरी पाठवता? शोभतं का हे?" सरांचा चेहरा पार उतरला. कळफलकांचा आवाज केव्हाच बंद पडला होता.

तेवढ्यात खिडकीजवळची खुर्ची सरकली. राजूरची उभी राहिली.

"मी लिहिलं ते," ती म्हणली. "दुसरी कोण होती ते मला माहीत न्हाई. पण एक मी होते. फोटो ध्यानात हाय माझ्या."

माय गं! मला वाटलं, धावत जावं आणि हिचं तोंड दाबावं. गप बसली असती तर मी काहीतरी घोळ घालून दोन दिवस काढले असते. आता सरांसमोर, गिऱ्हाइकासमोर कबूल करून बसली. भाऊ, सासर, नवऱ्याचा हात, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. तिच्या पण गेलं असणार, कारण तिनं साडीचा पदर मुठीत गच्च आवळला होता.

बाई तिच्याकडं बघत राहिल्या. मंग सावकाश तिच्याजवळ गेल्या.

"फोटो बघितला होतास तू?"

"हो."

"नीट?"

"हो, बाई."

"मंग सांग, काय दिसलं तुला?"

सर म्हणले, "अहो बाई, ती रोज इतकी चित्रं—" पण बाईंनी नुसता हात वर केला, वर्गात करत असतील तसा.

राजूरची बोलायला लागली, आधी अडखळत. "पांढरा शर्ट हाय. वरचं बटण उघडं. ऊन डोळ्यावर येऊन राह्यलंय म्हणून एक डोळा बारीक केलाय, पण हसतोय. मागं पत्र्याचं दार हाय, निळं. अन्..." ती थांबली.

"अन् काय?"

"त्याच्या खांद्यावर कोणाचा तरी हात हाय. फोटो तिथंच कापलाय, म्हणून नुसती बोटं दिसतात. एका बोटाला चिंधी बांधलीये."

बाईंनी आपला उजवा हात पुढं केला, त्याच्याकडं स्वतःच बघितलं. बोटाच्या पेरावर जुना वण होता.

"माझाच तो," त्या म्हणल्या. "निकालाचा दिवस होता. खीर करायची म्हणून नारळ फोडायला गेले आणि विळा लागला. त्यानंच चिंधी बांधली, आणि मंग म्हणला, चल, दोघांचा फोटो काढू." आणि आता त्या बसल्या, राजूरचीच्याच खुर्चीत. रडल्या. राजूरची त्यांच्या पाठीवरनं हात फिरवत उभी होती आणि स्वतः पण रडून राह्यली होती. मी पाणी आणायला म्हणून गेले आणि माठापाशीच उभी राहून रडले. लाज कशाची?

जरा वेळानं बाईंनी तोंड पुसलं. म्हणल्या, कार्डावर जिवंत माणूस नसावं म्हणतात, म्हणून भावकीनं फोटोतला त्यांचा भाग कात्रीनं कापायला लावला. हात तेवढा राहिला, कापता येईना. "हा हात माझ्या घरात कोणाच्या लक्षात आला न्हाई. छापखानेवाल्याच्या न्हाई. गावात एवढी कार्डं गेली, एकानं विचारलं न्हाई." मंग सरांकडं वळल्या. "हिला का बंद करता? हिनं तर बघितलं होतं. तुमच्या त्या फळ्यालाच बंद करा."

सर फळ्याजवळ गेले, डस्टर सापडेना, तर हातरुमालानंच ते दोन शब्द पुसले.

पण पुसून भागणार नव्हतं. तक्रार पुण्यात लागली होती, आणि ती मागं घ्यायची तर ज्यानं चढवलं त्यालाच घेता येत होती, म्हणजे छापखानेवाल्यालाच. बाईंनी आमच्याच फोनवरनं त्याला लावला. म्हणल्या, चूक टाइप करणारीची न्हाई, तुम्ही न वाचता छापलं, त्यांनी न विचारता पाठवलं, आता तक्रार काढा आणि कार्डं परत छापा. तिकडून तो काहीतरी खळखळ करत होता. ह्या म्हणल्या, "मी थांबलेय लाइनवर. काढा, मी वाट बघते." शाळेच्या बाईच त्या, काढल्याशिवाय सोडतात व्हय!

त्या गेल्यावर मी बसून पुण्याला लांबलचक मेल लिहिला. लिहिलं, की चौकटीत आम्ही लिहू ते सगळं गिऱ्हाइकाच्या तोंडी जातं, म्हणून जिथं मजकूरच न्हाई तिथं आम्हाला आमच्या नावानं बोलायला वेगळी जागा द्या. खाली सरांनी स्वतःचं नाव घालायला लावलं. एवढा मोठेपणा त्यांनी दाखवला, तो सांगायलाच पाहिजे. पुण्यानं बऱ्याच दिवसांनी एक छोटा चौकोन दिला, 'फक्त चित्र' म्हणून, टिक करायचा. तो येईपर्यंत सरांनी फोनवरच काम चालवायचं ठरवलं. चित्र आलं की कोणी काही टाइप करायचं न्हाई. छापखान्याला सांगायचं, अमुक पान चित्र हाय, काढून घ्या, खाली काही छापू नका. आणि हे सांगायला बसवलं राजूरचीला. तिची खुर्ची खिडकीपासून उचलून फोनजवळ आली.

काय सांगू, त्या कामाला तिच्यासारखी दुसरी नव्हती! पान क्रमांक सांगून ती थांबायची न्हाई. "गाईचा शिक्का हाय दादा, घंटीवाला. हो, तोच." समोरच्याला लगेच कळायचं कोणतं पान ते. मी चिडवायचे तिला, "गाय म्हणायला शिकलीस अखेर!" ती हसायची. हसलेली मी तिला तेव्हाच पहिल्यांदा बघितली.

चार-पाच दिवसांनी त्याच छापखान्याचं पाकीट आलं. राजूरचीनं उघडलं आणि मला हाक मारली, "ताई, जल्दी या हिकडं."

स्क्रीनवर डावीकडं फोटो होता. निळं पत्र्याचं दार, पांढरा शर्ट, बारीक केलेला डोळा. पण ह्या बारीला तो कापलेला नव्हता. दुसरा अर्धा भाग वरून चिकटपट्टी लावून जोडला होता, जोडाची रेघ स्पष्ट दिसत होती. शेजारी बाई होत्या, वर्ष-दोन वर्षांपूर्वीच्या, तब्येतीनं भरलेल्या, मुलाच्या खांद्यावर हात टाकून खदखदून हसणाऱ्या. बोटाला चिंधी.

उजवीकडची चौकट रिकामी होती. राजूरचीनं तिला हात लावला न्हाई. फोन उचलला.

"दादा, पान नंबर एक नुसतं चित्र हाय. काढून घ्या, खाली काही छापू नका."

तिकडून तो म्हणाला ते मला पण ऐकू आलं, मोठ्यानं बोलायचा तो. "ताई, चुकून पूर्ण फोटो आला वाटतं त्यांचा. जिवंत माणूस हाय ना त्याच्यात. कार्डावर चालत न्हाई तसं. कापून घेऊ का मी?"

राजूरचीनं माझ्याकडं बघितलं न्हाई, स्क्रीनकडंच बघत होती.

"चुकून न्हाई आला," ती म्हणली. "चिकटपट्टी दिसत न्हाई का तुम्हाला? मायलेक हायेत ते. तसाच छापा."